पाचवीतल्या मुलीला फोन द्यायचा की सिमवालं घड्याळ?

मूल दहा वर्षांचं झालं की शाळेच्या बसपासून घरापर्यंत, घरापासून क्लासपर्यंत, अशी छोटी छोटी अंतरं एकटं चालायला लागतं. आई-बाबा दोघंही ऑफिसात असतील तर साधारण तेव्हाच घरात फोनचा विषय निघतो. दुकानात गेलं की बोलणं कॅमेरा, गेम आणि पट्ट्याच्या रंगावर जातं. ठरवायचं मात्र एवढंच असतं: रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळी, मुलाचा फोन आपल्याला लागेल का, आणि त्याने उचलला नाही तर ते कुठे आहे हे बऱ्यापैकी खरं कळेल का.

उदाहरणाला माझ्या बहिणीचं घर घेतो. ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, उंच टॉवरांची सोसायटी. भाची पाचवीत. शाळेची बस साडेतीनला गेटवर सोडते, घरी आजी असते. पाच वाजता भाची सर्व्हिस रोडच्या कडेने चालत क्लासला जाते, अंतर साधारण सातशे मीटर. बहीण ऐरोलीला कामाला, मेहुणे बीकेसीत. काही झालंच तर दोघांपैकी कोणीही तासाच्या आत पोचणार नाही.

आधी कागदावर गरज लिहा

बहिणीला मी आधी एका कागदावर लिहायला लावलं. तिची यादी छोटी निघाली: क्लासला पोचल्यावर आणि निघताना एक फोन, क्लास लवकर सुटला तर भाचीला स्वतःहून फोन करता यावा, आणि फोन उचलला नाही तर जागा दिसावी. कॅमेरा, व्हिडिओ कॉल, गेम यांतलं काही त्यात नव्हतं.

शाळेचा नियमही याच वेळी विचारून घ्या. सीबीएसईने २००९ मध्येच शाळेत मोबाइल आणण्यावर निर्बंध घालणारं परिपत्रक काढलं होतं, आणि बहुतेक शाळा सिमवाल्या घड्याळालाही तोच नियम लावतात. डायरीत दोन ओळी लिहून वर्गशिक्षिकेचं उत्तर घेतलं की पुढे वाद होत नाही. भाचीच्या शाळेने नाही म्हटलं. त्यामुळे वस्तू वापरायची ती दुपारी घरी आल्यावरच, आणि शाळेच्या बसचा माग काढायचा प्रश्न यादीतून आपोआप गेला.

तीन पर्याय, आणि चौथा जो पर्याय नाहीच

चौथ्याची गोष्ट आधी, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. दीड-दोन हजारांत ‘कॉलिंग स्मार्टवॉच’ म्हणून जी घड्याळं मिळतात, ती ब्लूटूथवर चालतात. त्यांत सिम बसत नाही. ज्या मोबाइलशी ती जोडलेली आहेत तो खिशात किंवा शेजारच्या खोलीत असेल तरच कॉल लागतो. आईचा मोबाइल ऐरोलीत आणि घड्याळ मानपाड्यात, तर त्या घड्याळात फक्त वेळ दिसते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: “यात सिम कुठे बसतं ते दाखवा.”

मोठ्या माणसांच्या महागड्या ई-सिम घड्याळांतही अशीच एक मेख आहे. त्यांचं ई-सिम बहुधा जोडलेल्या मोबाइलचाच नंबर वापरतं. मुलासाठी वेगळा नंबर हवा असेल तर तशी सोय त्या घड्याळात आणि आपल्या मोबाइल कंपनीकडे, दोन्हीकडे लागते. ती आहे याची खात्री होईपर्यंत पैसे भरू नका.

आता खरे पर्याय. पहिला, बटणांचा साधा फोन. याला कमी लेखू नका. चार्जिंग दोन-तीन दिवस सहज टिकतं, पडला तरी फुटत नाही, आणि हरवला तर कुणाला फार वाईट वाटत नाही. शिवाय भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागण्याची सोय सक्तीची आहे. तो कॉल ११२ ला जातो, म्हणून गंमत म्हणून दाबून बघायचं नाही हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. उणीव दोन गोष्टींची: जागा दिसत नाही, आणि फोन दप्तरात राहतो, त्यामुळे रिंग ऐकूच येत नाही.

दुसरा, सिम बसणारं मुलांचं घड्याळ. ते मनगटावर असतं, विसरलं जात नाही, जागा दाखवतं. ठरलेल्या नंबरांशिवाय कुणाचा कॉल येत नाही आणि जात नाही.

तिसरा, घरात पडलेला जुना स्मार्टफोन. तो फुकटात पडतो असं वाटतं, पण आहे तसा कधीही देऊ नका. त्यात आईचं गूगल खातं, फोटो, यूपीआयचं अॅप, ओटीपीचे मेसेज, सगळं असतं. द्यायचाच असेल तर फोन पूर्ण रिसेट करून, मुलाच्या नावाचं नवीन खातं उघडून ते गूगलच्या फॅमिली लिंकला जोडावं लागतं. फॅमिली लिंक मोफत आहे. कोणतं अॅप घ्यायचं याची परवानगी, रोजचा वेळ, रात्री फोन बंद होण्याची वेळ आणि जागा, एवढं पालकाच्या मोबाइलवरून हातात राहतं. पण अॅपच्या आत मूल काय बघतंय ते फॅमिली लिंक दाखवत नाही. यूट्यूबचं नियंत्रण वेगळं लावावं लागतं, आणि मुलाच्या फोनचं इंटरनेट बंद असेल तर जागाही जुनीच दिसते. म्हणजे आई-बाबांना रोज थोडा वेळ त्यात घालावा लागणार. बहिणीच्या यादीतल्या तीन गोष्टींसाठी एवढा पसारा मला पटला नाही. आठवी-नववीत तो करावा लागेलच.

आम्ही घड्याळाकडे वळलो. पुढचं सगळं मुख्यतः घड्याळाबद्दल आहे.

सिम आणि नेटवर्क: इथेच बहुतेक घड्याळं नापास होतात

स्वस्त घड्याळांपैकी बरीच अजून टूजीवर चालतात. जिओकडे टूजी नाहीच, सगळं फोरजी आणि फाइव्हजी. त्यामुळे टूजी घड्याळात जिओचं सिम टाकलं की नेटवर्कच येत नाही. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर ते चालेल, पण टूजीचं इंटरनेट इतकं हळू असतं की जागा येईपर्यंत मूल घरी पोचलेलं असतं. म्हणून खोक्यावर ‘४जी’ लिहिलेलंच घ्या.

पण तेवढ्याने भागत नाही. जिओवर साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीईवरून, म्हणजे फोरजीवरूनच जातो, आणि बाहेरून आयात केलेल्या काही फोरजी घड्याळांचं व्हीओएलटीई आपल्या नेटवर्कशी जुळत नाही. अशा घड्याळात इंटरनेट चालतं, अॅपमधून बोलता येतं, जागाही दिसते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. मात्र आजीने तिच्या मोबाइलवरून साधा कॉल लावला की ‘संपर्क होऊ शकत नाही’. एअरटेल आणि व्हीआयवर असं घड्याळ कॉलपुरतं टूजीवर उतरतं, म्हणून कॉल लागतो. आमच्या घड्याळाच्या व्हीओएलटीईबद्दल दुकानदार ठामपणे काही सांगेना, म्हणून आम्ही एअरटेलचं सिम घेतलं. खोक्यावर जिओ व्हीओएलटीईचा स्पष्ट उल्लेख असेल आणि दुकानात कॉल लागला, तर जिओलाही हरकत नाही.

सिम नवीनच घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते आई किंवा बाबांच्या नावावर निघतं. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात. तुमच्या नावावर किती आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर दिसतं, आणि तिथे आपला नसलेला एखादा नंबर दिसला तर तो तिथूनच कळवता येतो. बँकेला किंवा आधारला जोडलेला जुना नंबर घड्याळात अजिबात टाकू नका.

सिम आधी एक दिवस आपल्या मोबाइलमध्ये चालवा. कॉल येतो-जातो का ते बघा. सिमला पिन असेल तर काढून टाका, कारण घड्याळावर पिन टाकायला बहुधा जागाच नसते. जाहिरातींचे कॉल बंद करायला त्याच सिमवरून १९०९ ला हा एसएमएस पाठवा:

```
START 0
```

दुकानात दहा मिनिटं

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात जीपीएस लिहिलेलं घड्याळ आम्हाला दाखवलं. दुकानदार म्हणाला, “ताई, अगदी दरवाजापर्यंत दाखवतं.” माहितीपत्रक उघडलं तर आत फक्त एलबीएस. एलबीएस म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून काढलेला अंदाज. शहरातसुद्धा त्यात काहीशे मीटरचा फरक सहज पडतो. घोडबंदर रोडला एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, त्यामुळे मूल सोसायटीच्या बागेत असताना ठिपका जंगलात किंवा पाण्यात दिसू शकतो. माहितीपत्रकात जीपीएस, वायफाय आणि एलबीएस अशी तिन्ही नावं असली पाहिजेत.

आपलं चालू सिम सोबत न्या आणि पैसे देण्याआधी घड्याळात टाकायला सांगा. घड्याळावरून आपल्या मोबाइलला साधा कॉल लावा, मग मोबाइलवरून घड्याळाला. अॅपमधला कॉल चालत नाही, साधाच हवा. आवाज रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येईल का, हे दुकानाबाहेर उभं राहून बघा.

मग आयएमईआय, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख-नंबर, तपासा. तो खोक्यावर किंवा घड्याळाच्या मागे असतो. तो पंधरा आकडी नंबर या एसएमएसमध्ये घालून १४४२२ ला पाठवायचा:

```
KYM 123456789012345
```

उत्तरात नंबर चुकीचा किंवा काळ्या यादीतला आला तर खोकं परत द्या, किंमत कितीही कमी असो.

पावसाळ्याचंही विचारून घ्या. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास तग धरतं, तेही सिमच्या खाचेवरचं रबर नीट बसलेलं असेल तर. जूनमधल्या पावसात घरी चालत येण्याला तेवढं पुरतं, पोहण्याच्या तलावाला नाही. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर वॉरंटी आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या. रस्त्यावरची खरी चाचणी त्या मुदतीत करायची आहे.

घरी आल्यावर आधी दारं बंद करा

पालक घड्याळ घेतात सुरक्षेसाठी, आणि नेमकं तेच घड्याळ नीट न लावल्यास परक्या माणसाला मुलाची जागा सांगू शकतं. ही कल्पित भीती नाही. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २०१७ मध्ये मुलांची काही घड्याळं तपासली, तेव्हा परक्याला घड्याळाचा ताबा घेता येतो आणि जागा बघता येते असं आढळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने गुपचूप ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. पालक त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते, हे एक कारण होतं. २०१९ मध्ये युरोपात एक घड्याळ माहितीच्या सुरक्षेच्या कारणावरून बाजारातून परत मागवलं गेलं.

आपल्याकडे ऑनलाइन मिळणारी कितीतरी घड्याळं त्याच जातीची आहेत. त्यांना एसएमएसवरून हुकूम देता येतात आणि कारखान्यातला पासवर्ड असतो १२३४५६. तुमच्या घड्याळाचं दार उघडं आहे का, ते असं बघा: घड्याळात नोंदवलेला नाही अशा एखाद्या मोबाइलवरून घड्याळाच्या नंबरवर हा एसएमएस पाठवा.

```
pw,123456,ts#
```

उत्तरात घड्याळाची माहिती आली, तर नंबर माहीत असलेला कोणीही तेच करू शकतो. पासवर्ड लगेच बदला. कसा बदलायचा ते माहितीपत्रकात असतं. तिथे नसेल आणि विक्रेत्यालाही माहीत नसेल, तर घड्याळ परत करा. उत्तर आलं नाही म्हणजे सगळं सुरक्षित असं मात्र नाही, एसएमएसच पोचला नसेल. म्हणून अॅपचा पासवर्ड स्वतंत्र आणि लांब ठेवा, आणि खोक्यावर छापलेला नोंदणीचा क्यूआर कोड कुणालाही फोटो काढून पाठवू नका. अनेक घड्याळं त्या कोडवरूनच नव्या पालकाला जोडली जातात.

यानंतर नंबरांची यादी. भाचीच्या घड्याळात आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू आणि क्लासच्या बाई एवढेच नंबर टाकले, आणि यादीबाहेरचे कॉल बंद ठेवले. एसओएसचं बटण दाबून धरलं की घड्याळ ठरवलेल्या क्रमाने एकेकाला कॉल लावतं. सहसा त्यात पहिलं नाव आईचं घालतात. मी आजीचं घालायला सांगितलं, कारण आई मीटिंगमध्ये असेल, आजी दहा मिनिटांवर आहे.

गुपचूप ऐकण्याची सोय तुमच्या घड्याळात असेल तर अॅपमधून बंद करा. बहीण म्हणाली, “अरे दादा, असू दे ना, कधीतरी उपयोगी पडेल.” मला ते मान्य नाही. क्लासमधल्या दुसऱ्या मुलांचं आणि बाईंचं बोलणं त्यांच्या नकळत ऐकायचा आपल्याला काही हक्क नाही. शिवाय पासवर्ड फुटला तर तीच सोय परक्याच्या हातात जाते.

रस्त्यावरची चाचणी

पहिल्या शनिवारी मेहुणे भाचीबरोबर चालत गेले आणि बहीण घरी अॅप घेऊन बसली. गेटवर, वळणावर, क्लासच्या दारात आणि क्लासच्या आत, अशा चार ठिकाणी थांबून त्यांनी फोनवर विचारलं, “आम्ही कुठे दिसतोय?”

गेटबाहेर मोकळ्या आकाशाखाली ठिपका अगदी बरोबर होता. दोन टॉवरांच्या मधल्या वळणावर तो शेजारच्या सोसायटीत सरकला, कारण उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो. क्लासच्या आत जीपीएस मिळालंच नाही, पण आजूबाजूच्या वायफायवरून इमारत बरोबर दाखवली. मजला कुठलंच घड्याळ सांगत नाही, तेव्हा टॉवरमध्ये राहणाऱ्या मित्रमैत्रिणींचे फ्लॅट नंबर लिहूनच ठेवावे लागतात. आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये घड्याळ पूर्ण गायब झालं. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर रोज घरी पोचायच्या शेवटच्या दोन मिनिटांत आईच्या छातीत धस्स होतं.

बहुतेक अॅपमध्ये ठिपक्यावर बोट ठेवलं की ती जागा जीपीएसने मिळाली, वायफायने की एलबीएसने, आणि किती वाजताची आहे, हे दिसतं. घाबरण्याआधी या दोन गोष्टी बघायच्या. एलबीएसचा ठिपका असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वेळ जुनी असेल तर पुन्हा जागा मागवा, मिनिटभर थांबा, मग कॉल करा.

जागा किती वेळाने नोंदवायची हेही अॅपमध्ये ठरवता येतं. दर मिनिटाला ठेवली तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते. दर दहा मिनिटांनी ठेवली तर बॅटरी टिकते, पण भाचीची वाट दहा मिनिटांचीच, म्हणजे पूर्ण रस्त्यात एखादाच ठिपका. म्हणून आपोआप नोंद विरळ ठेवली, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी आजी स्वतः अॅपमधून एकदा जागा मागवते. आजीला ते अॅप शिकवायला एक संध्याकाळ गेली.

‘सेफ झोन’ म्हणजे नकाशावर आखायचं वर्तुळ. मूल त्याबाहेर गेलं की मोबाइलवर सूचना येते. ते फार लहान आखलं तर ठिपका जरा सरकला तरी सूचना येते, आणि आठवड्याभरात त्या सूचनांकडे कोणी बघेनासं होतं. घराभोवती तीनशे मीटरचं आणि क्लासभोवती तीनशे मीटरचं, अशी दोन वर्तुळं ठेवली. अंतर सातशे मीटर असल्याने ती एकमेकांत शिरत नाहीत, आणि ‘घरातून निघाली’, ‘क्लासला पोचली’ या दोन सूचना वेगळ्या कळतात.

खर्च घड्याळाचा कमी, रिचार्जचा जास्त

आमचं घड्याळ साडेचार हजारांचं. त्याला कॉल आणि इंटरनेट दोन्ही लागतं, कारण जागा इंटरनेटवरूनच पोचते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा असा सगळ्यात लहान रिचार्ज २८ दिवसांना १९९ रुपये झाला. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे २,५८७ रुपये. दोन वर्षांचे रिचार्ज ५,१७४ रुपयांचे, आणि घड्याळ धरून ९,६७४.

बटणांचा फोन दीड हजारांत येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज आणले. एअरटेलचा वर्षाचा १,८४९ रुपयांचा होता. दोन वर्षांचे मिळून फोनसकट ५,१९८. फरक ४,४७६ रुपयांचा, महिन्याला साधारण १८६. तुमचं मूल खालच्या मजल्यावरच क्लासला जात असेल, तर हे १८६ रुपये कशाला घालायचे? साधा फोन घ्या. दर बदलत राहतात, तेव्हा घेण्याच्या दिवशी आकडे नवे घालून हाच हिशेब करा.

रिचार्जची तारीख आईच्या कॅलेंडरवर ठेवा, मुलाच्या भरवशावर नाही. घड्याळाच्या सिमवर आलेली ‘वैधता संपत आहे’ची सूचना बहुधा कुणी वाचतच नाही, आणि मग एके दिवशी जागा दिसायची बंद होते. घड्याळ बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी रिचार्ज बघा.

शेवटचं काम खोकं फेकण्याआधीचं. आयएमईआय आणि बिलाचा फोटो आई-बाबा दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. फोन असेल तर आयएमईआय `*#06#` दाबूनही दिसतो. वस्तू हरवली किंवा चोरीला गेली, तर आधी मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करा, अॅपमधलं खातं आणि पासवर्ड बदला, मग पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीची प्रत आणि तो आयएमईआय देऊन संचार साथीवरच्या सीईआयआर विभागात वस्तू ब्लॉक करता येते. ओटीपीसाठी तिथे चालू असलेला दुसरा नंबर द्यावा लागतो, तो आईचा किंवा बाबांचा द्या. वस्तू परत मिळाली की त्याच ठिकाणी अनब्लॉकची विनंती करता येते.